पूर्ण वर्ग करून कमाल-किमान मूल्य काढताना −20 हरवू नका

नाशिकच्या आमच्या क्लासमध्ये दहावी संपवून अकरावीत आलेली मुलं दरवर्षी एकाच जागी अडखळतात. पूर्ण वर्ग पद्धत त्यांना येत असते. दहावीत त्या पद्धतीनं त्यांनी वर्गसमीकरणं सोडवलेली असतात, मार्कही पडलेले असतात. पण "या राशीचं कमाल मूल्य काढा" असं विचारलं की तोच हात तीच सवय चालवतो आणि उत्तर चुकतं. पिंपळगाव बसवंतहून येणाऱ्या एका मुलीनं मागे द्राक्षविक्रीचं गणित सोडवलं आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, "किमान उत्पन्न −256 रुपये". तिच्या घरची द्राक्षबाग आहे. उणे उत्पन्न म्हणजे काय, असं विचारल्यावर तीच वहीकडे बघत राहिली. पायऱ्या तिला एकेक करून दाखवता येत होत्या, आणि प्रत्येक पायरी दहावीच्या वहीतल्यासारखीच होती.

तेच गणित घेऊन पुढचे टप्पे सांगतो. आकडे हिशेब नीट बसावा म्हणून घेतलेले आहेत.

गणित: रस्त्याकडेच्या स्टॉलवर 60 रुपये किलो दरानं रोज 80 किलो द्राक्षं खपतात. दर 5 रुपयांनी वाढवला की खप 4 किलोनं कमी होतो. रोजची विक्री जास्तीत जास्त किती रुपयांची होईल आणि त्यासाठी दर किती ठेवावा?

## तयारी: समोर समीकरण आहे की राशी?

पेन उचलण्याआधी हे ठरवा. अर्ध्याहून जास्त चुका इथेच जन्म घेतात.

समीकरणात दोन बाजू असतात. 2x² + 12x + 7 = 0 असेल तर दोन्ही बाजूंना 2 नं भागता येतं, 7 उजवीकडे नेता येतो, दोन्हीकडे तीच संख्या मिळवता येते. एका बाजूला काही केलं की दुसऱ्या बाजूलाही तेच केलं, म्हणून x च्या उत्तराला धक्का लागत नाही.

राशीला दुसरी बाजूच नसते. 2x² + 12x + 7 ही नुसती राशी असेल तर तिला 2 नं भागल्यावर ती निम्मी झाली, आणि तिचं किमान मूल्यही निम्मं झालं. म्हणून राशीवर काम करताना नियम एवढाच: किंमत बदलेल असं काहीही करायचं नाही. सहगुणक कंसाबाहेर काढता येतो, पण टाकून देता येत नाही. एखादी संख्या मिळवली तर तीच तिथेच वजा करावी लागते.

पोहोचायचं कुठे, तेही आधी लिहून ठेवा:

a(x − h)² + k

याला शिरोबिंदू रूप म्हणतात. आलेख काढला तर तो अन्वस्त येतो आणि त्याचा शिरोबिंदू (h, k) असतो.

## टप्पा 1: राशी तयार करा आणि क्रमानं मांडा

दर 5 रुपयांनी n वेळा वाढवला असं धरू. मग दर 60 + 5n रुपये आणि खप 80 − 4n किलो. रोजची विक्री:

(60 + 5n)(80 − 4n)
= 4800 − 240n + 400n − 20n²
= −20n² + 160n + 4800

वर्गाचं पद आधी, मग n चं पद, शेवटी स्थिरपद. गुणाकारात पदं उलटसुलट येतात, त्यामुळे घाईत पहिल्या जागी दिसलेल्या 4800 लाच a समजणारी मुलं मी पाहिली आहेत. a = −20, b = 160, c = 4800 असं बाजूला लिहा, चिन्हासकट.

शिवाय n म्हणजे काय, ते शब्दांत लिहून ठेवा: "n = 5 रुपयांच्या वाढी किती". शेवटच्या टप्प्यात ही ओळ लागणार आहे.

## टप्पा 2: सहगुणक फक्त पहिल्या दोन पदांतून बाहेर काढा

−20(n² − 8n) + 4800

4800 ला हात लावायचा नाही. तो कंसाबाहेर, जसा आहे तसा.

इथे दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे चिन्ह. −20 बाहेर काढलं की आतल्या +160n चं −8n होतं. विश्वास नसेल तर परत गुणून बघा: −20 × −8n = +160n. बाहेर उणे काढून आत +8n ठेवलं की पुढचं सगळं वाया गेलं.

दुसरी चूक म्हणजे त्या मुलीची चूक. तिनं −20 नं सगळ्या राशीला भागलं आणि −20 सोडून दिलं. राशी n² − 8n − 240 झाली, पूर्ण वर्ग करून (n − 4)² − 256 झाली, आणि वर्गाचं पद धन दिसलं म्हणून −256 हे किमान मूल्य ठरलं. गंमत म्हणजे n = 4 हे बरोबरच आलं होतं. भागाकारानं शिरोबिंदू डावी-उजवीकडे हलत नाही. पण त्याची उंची बदलते, आणि भाजक ऋण असेल तर आलेखच उलटा होतो, म्हणून कमालचं किमान झालं. n बरोबर आल्यामुळे मुलांना चूक झाल्याची शंकाही येत नाही. त्यामुळे ही चूक फार धोक्याची आहे.

तपासणी: पुढच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला −20 दिसतोय का? एखाद्या ओळीतून तो गायब असेल तर तिथेच थांबा.

## टप्पा 3: निम्मे, वर्ग, मिळवा आणि लगेच वजा करा

आता फक्त कंसाच्या आत बघायचं: n² − 8n. n चा सहगुणक −8, त्याचं निम्मं −4, त्याचा वर्ग 16. कंसातच 16 मिळवा आणि कंसातच वजा करा:

−20(n² − 8n + 16 − 16) + 4800

निम्मं का घ्यायचं, हे एकदा कागदावर बघाच. ग्राफच्या वहीतला चौकोनी कागद घ्या. x² + 6x साठी x बाजूचा एक चौरस कापा. 6x ही 6 रुंदीची, x लांबीची पट्टी. ती एकाच बाजूला चिकटवली तर आयत होतो, चौरस होत नाही. म्हणून पट्टीचे 3-3 रुंदीचे दोन तुकडे करा, एक उजवीकडे लावा आणि एक खाली. आता x + 3 बाजूचा चौरस जवळजवळ झाला, फक्त कोपऱ्यात 3 × 3 ची जागा रिकामी राहिली. ती भरायला 9 हवेत. पूर्ण वर्ग हे नाव तिथूनच कळतं: आपण कोपरा पूर्ण करतोय. आणि ते 9 आपल्याकडे नव्हते, उसने आणले, म्हणून परत करायचे. आमच्या वर्गात ज्यांनी हा कागद एकदा हातानं कापला, त्यांना "निम्मं की दुप्पट?" असा प्रश्न पुन्हा पडलेला मी पाहिला नाही.

सावधान: निम्मं कंसातल्या −8 चं घ्यायचं, मूळच्या 160 चं नाही. a बाहेर काढण्याआधी निम्मं करायला गेलात तर 80 येईल, त्याचा वर्ग 6400, आणि तो कुठेच बसणार नाही.

## टप्पा 4: वजा केलेली संख्या बाहेर आणा, पण गुणून

पहिली तीन पदं मिळून पूर्ण वर्ग झाला:

−20[(n − 4)² − 16] + 4800

आतला −16 आता कंसाबाहेर यायचा आहे. कंसाच्या दारात −20 उभा आहे, त्याच्याशी गुणाकार झाल्याशिवाय कुणालाच बाहेर पडता येत नाही:

−20(n − 4)² + 320 + 4800
= −20(n − 4)² + 5120

वहीत या ठिकाणी दोन चुकीची उत्तरं हमखास दिसतात. एक 4784, म्हणजे −16 तसाच बाहेर आला. दुसरं 4480, म्हणजे 20 नं गुणलं पण उणे गुणिले उणे अधिक होतं हे निसटलं. म्हणूनच मी चौकोनी कंसाची ओळ गाळू देत नाही. चांगल्या मुलांनाही ती जास्तीची वाटते, आणि तीच गाळल्यावर त्यांचंही चुकतं.

## टप्पा 5: दोन किमती घालून पडताळा

मुलं एकच किंमत घालून बघतात, बहुतेक वेळा शून्य. n = 0 ठेवा:

−20 × 16 + 5120 = −320 + 5120 = 4800

मूळ स्थिरपद मिळालं. टप्पा 4 मधल्या दोन्ही चुका या तपासणीत पकडल्या जातात. 4784 असता तर 4464 आलं असतं, 4480 असता तर 4160.

पण शून्यावर थांबू नका. समजा कुणी (n − 4)² ऐवजी (n + 4)² लिहिलं. n = 0 ला दोन्हींचा वर्ग 16 च येतो, म्हणजे चूक सुखरूप निसटली. म्हणून n = 1 सुद्धा घाला. दर 65, खप 76, विक्री 65 × 76 = 4940. शिरोबिंदू रूपातून: −20 × 9 + 5120 = 4940. जुळलं. (n + 4)² असतं तर 4620 आलं असतं.

या गणितात आणखी एक सुंदर पडताळा आहे. विक्री शून्य केव्हा होईल? खप संपला तर, म्हणजे n = 20. किंवा दर शून्य झाला तर, म्हणजे n = −12. अन्वस्ताच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे शिरोबिंदू या दोन जागांच्या बरोबर मध्ये हवा. 20 आणि −12 ची सरासरी 4. राशी अशी दोन कंसांच्या गुणाकारातून आलेली असेल तेव्हा ही तपासणी तोंडी होते.

## टप्पा 6: कमाल की किमान, आणि किती?

आता सूत्र आठवायची गरज नाही, ओळ वाचायची:

−20(n − 4)² + 5120

वर्ग कधीच ऋण नसतो. त्याला −20 नं गुणलं की मिळणारी संख्या शून्य किंवा त्याहून कमी. म्हणजे 5120 मधून प्रत्येक वेळी काहीतरी वजाच होतंय. वजा होणं थांबतं ते फक्त n = 4 ला. म्हणून 5120 हे कमाल मूल्य, आणि ते n = 4 ला मिळतं. किमान मूल्य या राशीला नाही. n जसजसा 4 पासून दूर जातो तशी ती खाली जातच राहते.

a धन असेल तर हेच उलटं. 2x² + 12x + 7 घ्या:

2(x² + 6x) + 7
= 2[(x + 3)² − 9] + 7
= 2(x + 3)² − 11

इथे −11 मध्ये दर वेळी काहीतरी भर पडतेय, म्हणून −11 हे किमान मूल्य. ते कुठे मिळतं? कंस शून्य होईल तिथे, म्हणजे x = −3.

चिन्हाची गल्लत टाळायची असेल तर h "वाचू" नका. "कंस शून्य केव्हा होईल?" असा प्रश्न स्वतःला विचारा. (x + 3) दिसलं की डोळे 3 वाचतात, पण हा प्रश्न विचारल्यावर तोंडातून −3 च निघतं. k चं चिन्ह मात्र जसं दिसतं तसंच घ्यायचं, ते उलटत नाही.

आणि k ऋण आहे म्हणून किमान, धन आहे म्हणून कमाल, असं ठरवू नका. कमाल की किमान हे फक्त a च्या चिन्हावर ठरतं.

## टप्पा 7: प्रश्नाकडे परत या

n = 4 हे उत्तर नाही. प्रश्नात दर विचारला होता. टप्पा 1 ला लिहून ठेवलेली ओळ बघा: n म्हणजे 5 रुपयांच्या वाढी. चार वाढी म्हणजे 20 रुपये, म्हणून दर 60 + 20 = 80 रुपये किलो. खप 80 − 16 = 64 किलो. विक्री 80 × 64 = 5120 रुपये.

h आणि k यांची अदलाबदलही इथेच होते. "कमाल मूल्य किती?" याचं उत्तर k. "ते केव्हा मिळतं?" याचं उत्तर h, किंवा h वरून काढलेली गोष्ट. प्रश्नातला शब्द "किती" आहे की "केव्हा", तो अधोरेखित करा.

## अपूर्णांक आले तर

आता खप 4 ऐवजी 3 किलोनं घटतो असं धरा. बाकी सगळं तेच.

(60 + 5n)(80 − 3n) = −15n² + 220n + 4800

220 ला 15 नं भाग जात नाही. इथे मुलं दशांशात शिरतात, 14.67 लिहितात, त्याचं निम्मं 7.34 लिहितात, त्याचा वर्ग करतात, आणि शेवटी पडताळा जुळत नाही. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा:

−15(n² − (44/3)n) + 4800

44/3 चं निम्मं करताना अंश निम्मा करायचा: 22/3. त्याचा वर्ग 484/9.

−15[(n − 22/3)² − 484/9] + 4800
= −15(n − 22/3)² + 2420/3 + 4800
= −15(n − 22/3)² + 16820/3

n = 0 घालून बघा: −15 × 484/9 = −2420/3, आणि 16820/3 − 2420/3 = 14400/3 = 4800. काटेकोर जुळलं. दशांशात हे असं जुळलं नसतं, आणि फरक गोलाईचा आहे की चुकीचा, हेही कळलं नसतं.

आता उत्तर लिहिण्याआधी थांबा. 22/3 म्हणजे सात आणि एक तृतीयांश. दर पाच-पाच रुपयांनीच वाढवायचा असेल तर n पूर्णांक हवा. मग 16820/3, म्हणजे सुमारे 5606.67 रुपये, हा आकडा प्रत्यक्षात कधी मिळणारच नाही. जवळचे दोन पूर्णांक 7 आणि 8. अन्वस्त दोन्हीकडे सारखाच उतरतो, म्हणून शिरोबिंदूच्या जास्त जवळ असेल तो जिंकतो. 7 हा 1/3 अंतरावर, 8 हा 2/3 अंतरावर. n = 7 ला दर 95, खप 59, विक्री 5605. n = 8 ला दर 100, खप 56, विक्री 5600. उत्तर: दर 95 रुपये, विक्री 5605 रुपये.

शिरोबिंदू बरोबर दोन पूर्णांकांच्या मध्ये आला तर दोन्ही उत्तरं सारखी येतात. तेव्हा दोन्ही लिहायची.

## शिरोबिंदू मर्यादेबाहेर असेल तर

पहिल्या गणितात परत येऊ, 4 किलोनं घट. त्यात एक अट घाला: शेजारच्या स्टॉलवाल्यांशी ठरलंय, 70 रुपयांच्या वर कुणी जायचं नाही. म्हणजे 60 + 5n ≤ 70, म्हणून n ≤ 2. दर 60 च्या खालीही आणायचा नाही असं धरा, म्हणजे n हा 0 ते 2.

शिरोबिंदू n = 4 ला आहे, तो या पट्ट्यात येतच नाही. इथे 5120 लिहिलं तर पूर्ण वर्ग अगदी बरोबर असूनही उत्तर चूक. पण शिरोबिंदू रूप इथेही कामाला येतं. −20(n − 4)² + 5120 मध्ये वजा होणारी रक्कम n हा 4 च्या जितका जवळ तितकी कमी. 0 ते 2 मध्ये 4 च्या सगळ्यात जवळ 2. म्हणून n = 2:

−20 × 4 + 5120 = 5040

दर 70, खप 72, आणि 70 × 72 = 5040 रुपये.

याच पट्ट्यात किमान मूल्यही आहे, जे आधी नव्हतं. ते 4 पासून सगळ्यात दूरच्या टोकाला, n = 0 ला मिळतं: 4800 रुपये. a ऋण असूनही पट्टा ठरवून दिला की कमाल आणि किमान दोन्ही मिळतात. प्रश्नात दोन्ही विचारलं असेल तर आधी शिरोबिंदू पट्ट्यात आहे का ते बघा, मग दोन्ही टोकांच्या किमती काढा.